नोकरीतला गॅप: खरं किती सांगायचं, कुठे सांगायचं

भरती करणाऱ्या माणसाच्या हातात सीव्ही आला की त्याची नजर आधी तारखांवर जाते. जून २०१३ ते मार्च २०१७, एप्रिल २०१७ ते जुलै २०२१, आणि पुढे काहीच नाही. मधली जवळपास चार वर्षं कुठे गेली याचा कागदावर पत्ता नसतो. मग वाचणारा स्वतःच कारण लावतो: कामावरून काढलं असेल, कुठे टिकत नसेल, आता कामात रस उरला नसेल. उमेदवाराने मौन पाळलं तरी ती जागा रिकामी राहत नाही, दुसऱ्याच्या अंदाजांनी भरली जाते.

खरं कारण कित्येकदा अगदी साधं आणि घरगुती असतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या कुणाची तरी देखभाल करत असल्याचं दिसलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के होतं. अशा स्त्रियांचे दिवसाला सरासरी १४० मिनिटं देखभालीत जातात, पुरुषांची ७४. घरात कुणाला पक्षाघाताचा झटका येतो, कुणाचं डायलिसिस सुरू होतं, तेव्हा ही मिनिटं अख्खा दिवस व्यापतात आणि घरातल्या एकाला राजीनामा द्यावा लागतो. कधी तर नोकरी करणारा माणूस स्वतःच अंथरुणाला खिळतो.

या काळासाठी आता प्रोफाइलवर रीतसर जागा आहे. लिंक्डइनने मार्च २०२२ मध्ये 'करिअर ब्रेक' नावाची नोंद सुरू केली आणि तिच्यात १३ प्रकार दिले. Caregiving म्हणजे शुश्रूषा, Full-time parenting म्हणजे पूर्णवेळ मूल सांभाळणं, Health and well-being म्हणजे स्वतःची प्रकृती, Bereavement म्हणजे जवळच्या माणसाचं जाणं, ही त्यातली काही. ही नोंद जुन्या नोकऱ्यांच्या रांगेतच, तारखांसह दिसते. प्रश्न उरतो तो तिथे काय लिहायचं आणि किती लिहायचं याचा.

सांगितलं तर बिघडतं का?

घाबरणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ केट वाइसहार यांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. पात्रता सारखीच होती, फरक फक्त सध्याच्या स्थितीत होता. नोकरीत असलेल्या आईला १५.३ टक्के जाहिरातींकडून बोलावणं आलं. नोकरी गेल्यामुळे बेकार असलेल्या आईला ९.७ टक्के, आणि कुटुंबासाठी स्वतःहून नोकरी सोडलेल्या आईला फक्त ४.९ टक्के. वडिलांचे आकडेही याच वळणाचे होते: १४.६, ८.८ आणि ५.४. ज्याने घरासाठी नोकरी सोडली तो पुन्हाही सोडेल, असा मालकवर्गाचा समज त्यामागे असल्याचं वाइसहार यांना दिसलं.

याच्या उलट दिशेचाही पुरावा आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जॉनी हर्श आणि जेनिफर शिनॉल यांनी २०१६ मध्ये तीन हजारांहून अधिक लोकांना नोकरी देणाऱ्याच्या भूमिकेत बसवलं आणि त्यांच्यापुढे मोठ्या खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांचे अर्ज ठेवले. मुलाखतीत खंडाचं कारण मोकळेपणाने सांगणाऱ्या स्त्रीला, काहीच न सांगणाऱ्या स्त्रीपेक्षा लोकांनी स्पष्टपणे अधिक पसंती दिली.

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की वाट दिसू लागते. पहिल्या प्रयोगात वाचणाऱ्याला 'घरासाठी नोकरी सोडली' एवढंच कळत होतं. ती अडचण संपली का, हे माणूस आज कामाला मोकळं आहे का, याचा त्यात पत्ता नव्हता. म्हणजे नुसतं कारण सांगून भागत नाही. कारणाबरोबर ते प्रकरण कुठवर आलं आहे आणि हातातलं काम अजून ताजं आहे का, हेही त्याच दमात सांगावं लागतं. कारण, कालावधी आणि आजची तयारी या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच वाचणाऱ्याच्या अंदाजांना जागा उरत नाही.

एक प्रोफाइल, ओळीओळीने

हे कसं जमवायचं ते एका नमुन्यावर पाहू. समजा पिंपरी-चिंचवडमधली एक बाई आहे. एम.कॉम. झालेली, भोसरी एमआयडीसीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत अकाउंट्स आणि जीएसटी सांभाळणारी. दोन कंपन्या मिळून तिचा आठ वर्षांचा अनुभव. जुलै २०२१ मध्ये सासूबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. नळीवाटे जेवण, दर दोन तासांनी कूस बदलणं, फिजिओथेरपी, औषधांच्या वेळा. ब्यूरोतून आलेली मावशी तीन महिन्यांत सोडून गेली. नवऱ्याची नोकरी शिफ्टची, त्यामुळे राजीनामा हिनेच दिला. मार्च २०२५ पर्यंत सासूबाई आधाराने चालू लागल्या, दिवसभरासाठी भरवशाची मावशी मिळाली, आणि हिने पुन्हा नोकरीचा विचार सुरू केला.

लिंक्डइनवर तिने स्वतःच्या पानावर Add profile section उघडलं, त्यात Add career break निवडलं, प्रकार Caregiving घेतला आणि ऑगस्ट २०२१ ते मार्च २०२५ अशा तारखा भरल्या. वर्णनाच्या चौकटीत तिने पहिल्यांदा लिहिलं ते असं:

'काही वैयक्तिक अडचणींमुळे दुर्दैवाने करिअरमध्ये खंड पडला. संधी मिळाल्यास स्वतःला सिद्ध करून दाखवीन.'

यातला एकही शब्द खोटा नाही, पण एकही शब्द उपयोगाचा नाही. 'वैयक्तिक अडचणी' या शब्दांत कोर्टकचेरीपासून भांडणापर्यंत काहीही मावतं, त्यामुळे वाचणाऱ्याचे अंदाज थांबण्याऐवजी वाढतात. 'दुर्दैवाने' म्हटलं की जे केलं त्याची लाज वाटते आहे असा सूर लागतो. 'संधी मिळाल्यास' मधली विनवणी आठ वर्षं खातेवही सांभाळलेल्या माणसाला शोभत नाही. आणि मुख्य म्हणजे अडचण संपली की नाही, हे या दोन ओळींत कुठेच नाही.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात. घरच्या शुश्रूषेला 'गृहव्यवस्थापन प्रमुख' असं भारदस्त पद देतात आणि त्याखाली वेळेचं नियोजन, संकट व्यवस्थापन, बजेट अशी कौशल्यांची यादी लावतात. शुश्रूषेत ही सगळी कामं खरोखर होतात. पण अकाउंट्सचा माणूस शोधणाऱ्याला त्यातून टॅलीबद्दल काहीच कळत नाही, आणि साध्या गोष्टीला मुलामा दिल्याचा संशय मात्र येतो. शुश्रूषेतला अनुभव नोकरीशी थेट जुळत असेल तेव्हाच तो लिहावा. हीच बाई आरोग्य विम्याच्या दाव्यांच्या कामासाठी अर्ज करत असती, तर सासूबाईंच्या कॅशलेस मंजुरीसाठी तिने टीपीएशी केलेला पत्रव्यवहार, डिस्चार्ज समरी, बिलांची जुळवाजुळव या गोष्टी नक्कीच सांगण्याजोग्या ठरल्या असत्या.

दुसऱ्या खेपेला तिने लिहिलं:

'कुटुंबातील ज्येष्ठ सदस्याच्या दीर्घ आजारपणात पूर्णवेळ शुश्रूषेसाठी विराम घेतला. घरी आता कायमची व्यवस्था झाली असून पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे. या काळात लागू झालेले ई-इनव्हॉइस आणि ऑडिट ट्रेलचे नियम अभ्यासले. एप्रिल २०२५ पासून स्थानिक कर सल्लागाराकडे अर्धवेळ जीएसटी रिटर्नचे काम.'

चार वाक्यं झाली. पहिल्यात कारण, दुसऱ्यात ते संपल्याची खात्री, उरलेल्या दोनांत काम. सासूबाईंच्या आजाराचं नाव नाही, कारण ती त्यांची खासगी बाब आहे आणि नोकरीशी तिचा संबंध नाही. इंग्रजीत लिहितानाही हाच क्रम आणि एवढीच लांबी पुरते.

तिसऱ्या वाक्याला जरा थांबून पाहायला हवं, कारण सगळा मजकूर त्याच्यावर उभा आहे. तिने नोकरी सोडली तेव्हा ई-इनव्हॉइसची सक्ती वार्षिक ५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना होती. भोसरीतला दहा-बारा कोटींचा कारखाना त्यात येत नव्हता, म्हणून तिने एकही ई-इनव्हॉइस कधी काढलं नव्हतं. एप्रिल २०२२ मध्ये ही मर्यादा २० कोटींवर, ऑक्टोबर २०२२ मध्ये १० कोटींवर आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आली. म्हणजे तिच्या जुन्या कारखान्याएवढ्या प्रत्येक कंपनीला आता ते लागतं. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं सक्तीचं झालं, तोच ऑडिट ट्रेल. खेरीज सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकते केले नाहीत तर ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, असा आयकराचा नियम आला. अकाउंट्सच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारलं जातं. खंड चार वर्षांचा असला तरी विषयाची माहिती आजची आहे, हे दाखवण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

हे प्रत्येक धंद्याला लागू आहे, फक्त नावं बदलतात. नर्सने नोंदणीचं नूतनीकरण झालं आहे का ते पाहावं. प्रोग्रॅमरने आपण वापरत होतो त्या भाषेची किंवा साधनाची आवृत्ती आता कुठवर आली आहे ते पाहावं. 'या काळात खूप शिकले' असं लिहिण्यापेक्षा नियमाचं, परवान्याचं किंवा आवृत्तीचं नाव लिहिलं की वाचणारा पुढचा प्रश्न कामाबद्दल विचारतो.

अर्धवेळ कामाची नोंद तिने करिअर ब्रेकमध्ये उल्लेखापुरती ठेवली आणि वेगळी नोकरी म्हणूनही दाखवली, पण कर सल्लागारांना विचारून. उद्या कुणी त्यांना फोन केला तर त्यांनी 'हो, महिन्याला दोन दुकानांची रिटर्न्स करते' असं सांगायला हवं. मैत्रिणीच्या दुकानाचे हिशोब एकदा पाहिले म्हणून 'फ्रीलान्स कन्सल्टंट, २०२१ पासून' लिहिणं इथेच उघडं पडतं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: किती क्लायंट, कोणतं काम, बिल कुणाच्या नावाने?

प्रोफाइलच्या माथ्यावर नावाखाली जी ओळ असते, तिच्यात खंडाचा उल्लेख तिने केला नाही. तिथे तिने 'अकाउंट्स व जीएसटी, ८ वर्षं, उत्पादन क्षेत्र' एवढंच लिहिलं. याला आधार आहे. ब्रिटनमध्ये एरिएला क्रिस्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ हजारांवर अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवून केलेला अभ्यास २०२२ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात आला. नोकरीच्या तारखांऐवजी 'इतकी वर्षं काम' असं लिहिलेल्या अर्जांना, खंड उघड दिसणाऱ्या अर्जांपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त बोलावणी आली. आपल्याकडे पोर्टलवर आणि कंपनीच्या फॉर्ममध्ये महिना-वर्ष भरावंच लागतं, तेव्हा तारखा पूर्णपणे गाळणं शक्य नाही. पण सुरुवातीच्या ओळीत आणि सारांशात अनुभवाची वर्षं आधी आली, तर वाचणाऱ्याला आधी आठ वर्षं दिसतात आणि मग चार.

तारखा कुणाकुणाकडे असतात

खंड झाकायचा सर्वांत सर्रास प्रकार म्हणजे आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढणं. जुलै २०२१ ऐवजी डिसेंबर २०२३ लिहायचं, ओळखीच्या कंपनीकडून अनुभवाचं पत्र आणायचं. पूर्वी हे खपून जायचं. आता मोठ्या आणि मध्यम कंपन्या रुजू होण्याआधी किंवा झाल्यावर लगेच पार्श्वभूमी तपासतात, आणि तपासणाऱ्यांकडे पडताळायला बरंच काही असतं.

पहिलं म्हणजे पीएफ. २०१४ पासून प्रत्येक सदस्याला यूएएन हा एकच कायमचा क्रमांक मिळतो आणि सगळ्या नोकऱ्यांची खाती त्याला जोडली जातात. त्या पोर्टलवरच्या सर्व्हिस हिस्टरीत प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. पासबुकात दर महिन्याची वर्गणी दिसते. त्याखेरीज पगारावर कापलेल्या कराची नोंद फॉर्म २६एएसमध्ये कंपनीच्या नावानिशी येते. रिलीव्हिंग लेटरवर शेवटचा दिवस छापलेला असतो. यातल्या एकाशी जरी तारीख जुळली नाही तरी ऑफर परत घेतली जाऊ शकते. रुजू झाल्यावर उघड झालं तर नोकरी जाते, कारण खोटी माहिती दिल्यास सेवा संपवण्याची अट बहुतेक नेमणूकपत्रांत असतेच. चार वर्षांच्या शुश्रूषेमुळे कुणी खोटारडं ठरत नाही, पण ओढलेल्या तारखेमुळे ठरतं.

यात प्रामाणिक माणसाचाही घात करणारी एक गोष्ट आहे. जुन्या कंपनीने पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख भरलीच नसेल, तर सर्व्हिस हिस्टरीत तो माणूस अजून तिथेच कामाला असल्यासारखा दिसतो. मग प्रोफाइलवरचा खरा खंड आणि सरकारी नोंद जुळत नाही आणि तपासणारा गोंधळतो. यावर उपाय सोपा आहे. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की सदस्याला यूएएन पोर्टलवर Manage खालच्या Mark Exit मधून ती तारीख स्वतः भरता येते. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. भरलेली तारीख पुन्हा सहज बदलता येत नाही, म्हणून रिलीव्हिंग लेटर समोर ठेवूनच ती भरावी. अर्ज पाठवायला सुरुवात करण्याआधी हे उरकून टाकलं तर पुढची धावपळ वाचते.

सगळीच रजा म्हणजे खंड नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. २६ आठवड्यांची प्रसूतिरजा नोकरीत असताना घेतलेली असते, सेवा सलग असते, त्यामुळे ती प्रोफाइलवर दाखवण्याची गरज नाही. ईएसआयच्या विमाधारक कामगाराला टीबी, कॅन्सर अशा ठरावीक दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत वाढीव आजारपण लाभ मिळू शकतो. तो काळ नोकरी चालू असतानाचा असेल तर तोही नोकरीच्याच तारखांत येतो. काही जण प्रामाणिकपणाच्या भरात असे महिनेसुद्धा वेगळे काढून दाखवतात आणि नसलेला खंड स्वतःच तयार करतात.

आजारपण स्वतःचं असेल तर

शुश्रूषेबद्दल निदान घरात आणि दारात आदराने बोललं जातं. स्वतःच्या आजाराबद्दल बोलताना मात्र माणूस अडखळतो, आणि त्याला कारणं आहेत. समजा नाशिकच्या एका कारखान्यातल्या क्वालिटी इन्स्पेक्टरला लिम्फोमा झाला. उपचार चौदा महिने चालले, नोकरी सुटली. आता तपासण्या व्यवस्थित आहेत आणि डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हणून लिहून दिलं आहे. त्याने प्रोफाइलवर काय लिहावं?

'वैद्यकीय उपचारांसाठी विराम. उपचार पूर्ण झाले असून पूर्णवेळ कामासाठी तयार.' एवढं पुरेसं आहे. हे शब्दशः खरं आहे आणि त्यात आजाराचं नाव नाही. लिंक्डइनचं पान जुने सहकारी, लांबचे नातेवाईक, उद्याचे साहेब, सगळेच पाहतात. एकदा लिहिलेलं नाव काढून टाकलं तरी ज्यांनी वाचलं त्यांच्या लक्षात राहतं. कॅन्सर किंवा नैराश्य असा शब्द वाचला की अनेकांच्या मनात कामाआधी आजार येतो. ज्याला स्वतःच्या अनुभवाबद्दल उघड लिहायचं आहे त्याने जरूर लिहावं, पण ती निवड त्याची असावी. नोकरी मिळावी म्हणून ते सांगायलाच हवं असा समज करून घेऊ नये. Health and well-being ही नोंदसुद्धा नको वाटली तर लिंक्डइनवर ती न टाकता सीव्हीत एक ओळ लिहिता येते. सीव्ही निदान मोजक्यांच्याच हाती जातो.

आजार झाकण्यासाठी दुसरंच कारण लिहिणं मात्र टाळावं. 'वडिलांची देखभाल' किंवा 'स्वतःचा व्यवसाय' असं लिहिलं की मुलाखतीत त्या व्यवसायाबद्दल विचारणार, आणि जुन्या साहेबांना फोन केला तर ते सहज सांगणार, 'त्याची तब्येत बिघडली होती, आता कसा आहे?' तपशील राखून ठेवणं आणि खोटा तपशील देणं यातली रेघ इथे आहे.

ही रेघ आणखी एका ठिकाणी समजून घ्यावी लागते. रुजू होण्याआधी काही कंपन्या वैद्यकीय तपासणी करतात आणि फॉर्ममध्ये पूर्वीचे आजार विचारतात. तिथे खरं तेच लिहावं. तो कागद डॉक्टरांकडे जातो, प्रोफाइलसारखा जगापुढे जात नाही, आणि यंत्रावर किंवा रसायनांजवळ काम असेल तर त्यावर स्वतःची आणि इतरांची सुरक्षितता अवलंबून असते. सोबत इलाज करणाऱ्या डॉक्टरांचं कामास योग्य असल्याचं ताजं प्रमाणपत्र ठेवावं. एचआयव्हीच्या बाबतीत कायद्याने वेगळं संरक्षण दिलं आहे. २०१७ च्या कायद्यानुसार नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि त्या कारणावरून भेदभाव करायला मनाई आहे.

समोर बसल्यावर

प्रोफाइलवर जे लिहिलं तेच मुलाखतीत बोलायचं असतं, म्हणून ते आधी मोठ्याने बोलून पाहावं. अर्ध्या मिनिटात आटपायला हवं. भोसरीच्या बाईची मुलाखत साधारण अशी होईल.

'मॅडम, मधे जवळजवळ चार वर्षांचा गॅप दिसतोय.'

'हो सर. सासूबाईंचं मोठं आजारपण होतं, त्यांच्याजवळ पूर्णवेळ कुणीतरी हवं होतं, म्हणून मी नोकरी सोडली. आता त्या बऱ्या आहेत आणि दिवसभरासाठी बाई ठेवली आहे. मी सोडलं तेव्हा तुमच्याएवढ्या कंपनीला ई-इनव्हॉइस नव्हतं, आता आहे. गेले काही महिने मी ते काम करते आहे. तुमच्याकडे महिन्याला साधारण किती इनव्हॉइस निघतात?'

शेवटच्या प्रश्नाने बोलणं कामावर येतं. खूप जण इथे चुकतात ते जास्त बोलून. आयसीयूचे दिवस, खर्च, नणंदेने हात वर केले ते, सगळं ओघात निघतं. समोरचा सहानुभूतीने ऐकतो आणि मनात नोंद करतो की या घरात अजून बरंच काही चालू आहे. 'सासूबाई पुन्हा आजारी पडल्या तर?' असा प्रश्न आलाच, तर उत्तर व्यवस्थेबद्दल द्यावं: बाई नसेल त्या दिवशी कोण थांबतं, नवऱ्याची कोणती शिफ्ट मोकळी असते. मूल कधी, घरात कोण कोण, असे प्रश्न पुढे ताणले गेले तर 'वेळेची माझी पूर्ण व्यवस्था आहे, कामाचे तास कसे असतात ते सांगाल का?' असं म्हणून शांतपणे विषय वळवता येतो.

अर्ज कुठे करायचा यानेही बराच फरक पडतो. काही कंपन्यांचे परतणाऱ्यांसाठीच वेगळे कार्यक्रम असतात आणि तिथे खंड हीच पात्रता असते. टाटा समूहाने स्त्रियांसाठी 'सेकंड करिअर इंटर्नशिप प्रोग्रॅम' २००८ मध्येच सुरू केला होता. खंड पडलेल्या स्त्री वैज्ञानिकांसाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या योजना आहेत. अशा ठिकाणी तारखा अचूक असणं आणखी महत्त्वाचं, कारण किती काळाचा खंड चालेल याची अट दिलेली असते.

शुश्रूषा अजून संपली नसेल तर

सगळ्यांच्या सासूबाई आधाराने चालू लागत नाहीत. पार्किन्सन्स, डिमेन्शिया, विशेष गरजा असलेलं मूल, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, अशी घरं पुष्कळ आहेत आणि तिथल्या माणसालाही पगार हवा असतो. 'आता सगळं सुरळीत आहे' असं त्याने लिहिलं तर ते खोटं ठरेल आणि पहिल्याच महिन्यात उघड होईल. त्याने करिअर ब्रेकच्या नोंदीला शेवटची तारीख द्यावी ती काम सुरू करण्याच्या तयारीची, आणि वर्णनात कारणापेक्षा उपलब्धता नेमकी लिहावी: 'सोमवार ते शुक्रवार सकाळी १० ते ५ उपलब्ध', किंवा 'घरून पूर्णवेळ, महिन्यातून चार दिवस कार्यालयात'.

अशी ओळ काही दारं बंद करते. ज्या नोकऱ्यांत रात्री नऊला फोन येतो, त्या आधीच गळून पडतात. उरलेल्यांना मात्र नेमकं काय मिळणार ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं. डायलिसिसचे मंगळवार, गुरुवार, शनिवार ठरलेले असतील तर मुलाखतीत पगाराची बोलणी होण्याआधीच ते सांगावं आणि बदल्यात कोणत्या वेळा भरून देता येतील तेही सांगावं. मंगळवार आणि गुरुवारी दुपारनंतर नाही, पण महिनाअखेरीला रिटर्नच्या दिवसांत रात्री आठपर्यंत थांबू शकते, असं. मान्य झालेल्या वेळा ऑफर लेटरमध्ये किंवा निदान एचआरच्या ईमेलमध्ये लिहून घ्याव्यात. मुलाखत घेणारे साहेब वर्षभरात बदलू शकतात, आणि नवीन साहेबांना दाखवायला हातात कागद लागतो.